आयटीआर पाच

पाचूबंदरच्या कोळीवाड्यात जन्म, बाप बोटवाला, दोन्ही भाऊ बोटवाले, आणि हा सेबेस्टियन बोटीत पाय ठेवला की उलट्या करायचा. पहिल्यांदा सगळे हसले, दुसऱ्यांदा बापानं कांदा हुंगायला दिला, तिसऱ्यांदा बापानं त्याचं बखोट धरून किनाऱ्यावर आणून ठेवलं आणि म्हणाला, "ह्याला कोरड्यावरचं काहीतरी शिकवा." म्हणून तो घड्याळं शिकला. आता सत्तरी ओलांडली तरी पापडीच्या बाजारात एका चपलांच्या दुकानाशेजारी त्याची कपाटाएवढी टपरी आहे. डाव्या डोळ्याला भिंग लावून बसला की माणूस कमी आणि खेकडा जास्त दिसतो. हे त्याला तोंडावर सांगितलं तरी चालतं, तो रागवत नाही. भिंग न काढताच वर बघतो आणि म्हणतो, "सेल टाकू का नवा?"

त्याचं लग्न ठरलं तेव्हा अख्ख्या वाड्यानं तोंडात बोटं घातली होती. ग्रेसी टीचर. डी.एड. झालेली, मराठी शाळेत नोकरी, पाचवी ते सातवीला व्याकरण शिकवायची. आणि हा सातवी नापास. ती त्याच्याकडे मनगटी घड्याळ घेऊन आली होती, पट्टा बदलायला. त्यानं पट्टा बदलला आणि घड्याळ तीन मिनिटं मागे होतं तेही लावून दिलं. ती म्हणाली, मी सांगितलं नव्हतं. हा म्हणाला, "पन उशीर होईल ना टीचर तुम्हाला." तिथंच ती फसली असं ती स्वतःच सांगायची. फसली म्हणायची आणि गालात हसायची.

तिला टीचर म्हणायची सवय त्याला लागली ती सुटलीच नाही. लग्न झालं, क्रिस्टिना झाली, चाळीस वर्षं उलटली, तरी हा आपला टीचर, जेवाय वाढ. टीचर, माझा चश्मा कुठं हाय. आणि टीचर पण कमी नव्हती. "पन नाही, पण. पाणी म्हणा. ण. जीभ वर न्या." तो जीभ वर न्यायचा, दाताखाली चावायचा, आणि पुन्हा पानीच म्हणायचा. एकदा तर तिनं भर जेवणात भाकरी काढून घेतली होती, नीट मागा म्हणून. त्यानं 'भाकरी' नीट मागितली. भाकरीत ण नसतो, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

घरातले कागद सगळे टीचरकडे. लाइट बिल, रेशन, बँक, क्रिस्टिनाच्या शाळेचे फॉर्म, सोसायटी नव्हती पण असती तर तीही. रिटायर झाल्यावर तिचं पेन्शन सुरू झालं, थोडी ठेव होती, त्यावर कर कापला जायचा, म्हणून दरवर्षी जुलैत ती इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायची. स्वतः. वकील नाही, सीए नाही. क्रिस्टिना वालीवला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला, रविवारी ती आपला लॅपटॉप घेऊन माहेरी यायची, आणि आई चष्मा नाकावर ओढून एकेक रकाना वाचायची, जणू परीक्षेचा पेपर.

आता यात एक गोम होती. रिटर्न नुसतं भरून चालत नाही. ते आपणच भरलंय असं कबूल करावं लागतं, त्याला व्हेरिफिकेशन म्हणतात. आधारला जोडलेल्या मोबाइलवर सहा आकडे येतात, ते टाकले की झालं, दोन मिनिटांचं काम. पण टीचरचं आधार जोडलेलं होतं शाळेच्या जमान्यातल्या जुन्या नंबरला, आणि तो नंबर कधीच बंद पडलेला. बदलायचा होता. कोणाचा नसतो बदलायचा? त्यामुळे ती दुसरा रस्ता धरायची. रिटर्न भरलं की एक पानाचा कागद निघतो, तो छापायचा, सही करायची आणि तीस दिवसांच्या आत स्पीड पोस्टानं बेंगलोरला पाठवायचा. दरवर्षी ती स्वतः पोस्टात जायची, पावती पर्समध्ये ठेवायची, आणि येताना सेबेस्टियनच्या टपरीवर थांबून चहा प्यायची. तो समजायचा टीचर चहा प्यायला आली.

गेल्या वर्षी बावीस जुलैला तिनं रिटर्न भरलं. क्रिस्टिना म्हणाली, "आई, आधारचा नंबर बदलून घे एकदाचा." "घेईन," आई म्हणाली, "कागद छापून आण तू." तेवीसला छातीत दुखलं म्हणून वसईतल्याच दवाखान्यात नेलं. चोवीसला ती बरी होती, उशाला टेकून बसली होती, नर्सला 'इंजेक्शन' लिहिताना इ ऱ्हस्व की दीर्घ ते समजावत होती. क्रिस्टिनानं कामावर जाता जाता कागदाची फाइल आणून दिली. टीचरनं गुडघ्यावर फाइल ठेवली, सही केली, तारीख घातली, आणि ती सेबेस्टियनच्या हातात देत म्हणाली, "एवढं तेवढं बघा हं."

संध्याकाळी तिला झटका आला. मेंदूचा. उजवा हात गेला, वाचा गेली.

एवढं तेवढं बघा. आता बघा म्हणजे काय? आपल्यात दूध बघा म्हणजे उतू जाऊ देऊ नका, आणि पाहुण्यांकडे बघा म्हणजे चहा टाका. पण सेबेस्टियन घड्याळजी माणूस, त्याचा सगळा जन्म बघण्यात गेलेला. त्यानं बघितलं. दोन दिवसांनी, दवाखान्यातून घरी अंघोळीला आला तेव्हा, फाइल उघडून खरोखर बघितलं. कागद इंग्रजीत. वर ठळक अक्षरात लिहिलेलं आयटीआर, मग एक रेघ, आणि मग V.

कोणालाही ते 'व्ही' दिसलं असतं. म्हणजे व्हेरिफिकेशनचा व्ही. पण ह्या माणसानं पन्नास वर्षं भिंतीवरची, टेबलावरची, चर्चच्या कचेरीतली घड्याळं उघडली होती, आणि त्या सगळ्या घड्याळांत V म्हणजे पाच. चाराच्या आणि सहाच्या मधला. त्याला दुसरं काही दिसलंच नाही. खालचा बारीक मजकूर इंग्रजीत होता, आणि तो वाचणारी दवाखान्यात होती.

तरी त्यानं विचारलं हो. नुसताच गप्प बसला असं नाही. प्रल्हाद म्हणून एक जण त्याच्या टपरीसमोरच्या बाकावर येऊन बसतो, सहकारी बँकेतून रिटायर झालेला, पेपर वाचून सगळ्यांना सल्ले वाटतो. त्याला विचारलं.

"प्रल्हाद, आयटीआर पाच काय असतं रे?"

"पाच?" प्रल्हादनं पेपर खाली केला. "ते फर्मवाल्यांचं. भागीदारी, संस्था, असलं. का? तू कंपनी काढलीस काय?"

"मी नाय. टीचरच्या फाइलीत हाय."

"टीचरचं एक नंबर असणार. पेन्शनवाल्यांना एकच लागतं. पाच तुमचं नाही. चुकून छापलं असेल पोरीनं."

आता प्रल्हाद काही खोटं बोलला नाही. आयटीआर पाच फर्मवाल्यांचंच असतं. ज्यानं जे विचारलं त्याला त्यानं ते सांगितलं. सेबेस्टियननं कागद घरी नेला आणि तरीही फेकला नाही, कारण त्यावर टीचरची सही होती. सुट्या काचा ठेवायचा एक चपटा डबा होता, त्यात न दुमडता ठेवला.

पुढचे चाळीस दिवस तो दवाखान्यात आणि टपरीत, टपरीत आणि दवाखान्यात. टीचरला सगळं कळत होतं, बोलता तेवढं येत नव्हतं. शब्दांवर जन्म काढलेली बाई, तोंडातून नुसता आवाज यायचा. आणि ऑगस्टच्या मध्यापासून तिनं एक सुरू केलं. डाव्या हाताचा अंगठा आणि बोट जुळवायची आणि हवेत काहीतरी करायची. आडवं, वर, खाली. सेबेस्टियन आला की करायची. क्रिस्टिनाला वाटलं पाणी मागते. नर्स म्हणाली, होतं असं अशा पेशंटना, शाळेत शिकवायच्या ना, सवय. सेबेस्टियननं पाटी आणून दिली, पेन्सिल डाव्या हातात दिली, तर दोन रेघा आल्या आणि पेन्सिल पडली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

त्याला काही ते कळलं नाही. पण तिला बरं वाटावं म्हणून तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "केलं टीचर. सगळं केलं. तू नको काळजी करू."

तिनं हात खाली ठेवला. त्या दिवसानंतर पुन्हा वर केला नाही.

तीन सप्टेंबरला ती गेली.

त्यानंतरचे महिने सेबेस्टियननं काय केलं, तर टपरी उघडली आणि बंद केली. टीचरचा फोन मात्र रोज चार्ज करायचा. कोणाचा येणार होता? पण लाल बॅटरी दाखवायला लागला की त्याला बघवायचं नाही. फेब्रुवारीत एका रविवारी क्रिस्टिना आली होती, तिनं तो फोन उघडला, फोटो काढून घ्यायला. फोटो काढता काढता मेसेज दिसले. इन्कम टॅक्सचे, त्यांच्याकडे टीचरचा हा नवा नंबर दिलेला होता. एक आठवण करून देणारा, ऑगस्टमधला. दुसरा नंतरचा: मुदतीत पडताळणी झाली नाही, सबब आपलं रिटर्न अवैध धरण्यात आलं आहे.

"पप्पा," क्रिस्टिना म्हणाली, "आईचा तो सहीचा कागद पोस्टात टाकलात ना तुम्ही?"

"कुठला?"

"आयटीआर व्ही."

"व्ही?"

तिनं फोनवरच दाखवलं. त्यानं चष्मा वर केला, फोन जवळ घेतला, भिंगात घेतात तसा. बराच वेळ बघत राहिला. मग उठला आणि डबा आणला.

क्रिस्टिना बापाला बोलली नाही. बोलायला तोंड कुठं होतं? तिनंच छापून आणला होता, तिनंच नंतर विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "माझीच चूक झाली." तो म्हणाला, "तू गप." आणि दोघं त्या कागदाकडे बघत बसले. सही टीचरची नेहमीसारखीच, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढलेली, आणि पुढे चोवीस जुलै.

सोमवारी दोघं माणिकपूरला अल्पेशकडे गेले. अल्पेश हा टॅक्सची कामं करणारा पोरगेलासा माणूस, मिठाईच्या दुकानावर वरच्या मजल्यावर त्याचं ऑफिस, जिन्यात तुपाचा वास. क्रिस्टिनाच्या कारखान्याचं काम तोच बघतो. त्यानं टीचरचं रिटर्न संगणकावर उघडता येतं का पाहिलं, कागद पाहिला, आणि खुर्चीत मागे टेकला.

"अंकल, बसा. चहा घेता?"

"मी हा कागद आज टाकतो पोस्टात," सेबेस्टियन म्हणाला. "सही हाय. तारीख हाय. तिनं वेळेत केली. उशीर माझा."

"आता नाही चालणार तो."

"सही खोटी हाय काय?"

"सही खरी आहे. पण बावीस जुलैपासून तीस दिवस, एकवीस ऑगस्टला मुदत संपली. पडताळणी नाही म्हणजे डिपार्टमेंटच्या लेखी आंटींनी रिटर्न भरलंच नाही. आणि उशिराचं नवीन रिटर्न भरायची तारीखही गेली. आता एकच रस्ता, उशीर माफ करा म्हणून विनंती करायची. कंडोनेशन रिक्वेस्ट. ती मंजूर झाली तर हेच रिटर्न जिवंत होईल." तो जिवंत म्हणाला आणि लगेच त्याला वाईट वाटलं. "म्हणजे चालू होईल."

"मग कर ना विनंती."

"करू. पण ती आंटीच्या नावानं त्यांना करता येणार नाही ना अंकल. तुम्ही करायची, वारस म्हणून. आधी तुम्हाला पोर्टलवर वारस म्हणून नोंदवायचं. मृत्यूचा दाखला, त्यांचं पॅन, आणि वारस असल्याचा पुरावा. कुटुंब पेन्शन तुमच्या नावानं झालंय का?"

"झालंय," क्रिस्टिना म्हणाली. "ऑर्डर आहे."

"मग तीच चालेल. आणि पडताळणीही तुमच्या आधारवर. तुमच्या फोनवर नंबर येईल, तो टाकायचा. हा कागद लागणारच नाही."

सेबेस्टियननं कागद स्वतःकडे ओढला. "लागनारच नाय?"

"नाही."

"तिनं आजारी असताना सही केली."

  अल्पेशनं चहा मागवला. चहा आला, सेबेस्टियननं बशीत ओतला, आणि तो बशीतच निवला.

"रिफंड किती आहे ह्यात?" क्रिस्टिनानं विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"फार नाही. उशिराची फी लागली तर त्यातूनच कापतील. मी घेत नाही काही, पण घेतली असती तर माझी फी जास्त झाली असती." तो हसायला गेला. "अंकल, खरं सांगू? सोडून दिलंत तरी कोणी तुमच्या दारात येणार नाही."

"ती पाचवीच्या पोरांचे पन पेपर चोवीस तासांत तपासून द्यायची," सेबेस्टियन म्हणाला. "तिनं भरलं नाय असं लिहिलंय ना तिथं? ते पुसायचं."

वारस म्हणून नोंद व्हायला महिना गेला. एकदा दाखला नीट दिसत नाही म्हणून परत आला, पुन्हा चढवला. मार्चच्या अखेरीस नोंद मंजूर झाली आणि क्रिस्टिनानं अर्धी रजा टाकून बापाला पुन्हा त्या तुपाच्या जिन्यातून वर नेलं.

अल्पेशनं विनंतीचं पान उघडलं. रिटर्नचा पावती नंबर आपोआप आला. खाली एक रकाना: उशिराचं कारण.

"हे सोपं आहे," अल्पेश म्हणाला आणि टाइप करत मराठीत सांगायला लागला. "करदाती तेवीस जुलैपासून गंभीर आजारी होत्या, दवाखान्यात होत्या, म्हणून पडताळणी करू शकल्या नाहीत. तीन सप्टेंबरला त्यांचं निधन झालं. बस. एवढं बघितल्यावर कोण नाही म्हणेल?"

"थांब," सेबेस्टियन म्हणाला. "म्हनून काढ."

"काय?"

"आजारी होती म्हनून नाय. आजारी होती तरी. आजारी होती तरी तिनं सही केली. उशीर तिनं नाय केला."

"अंकल, आपण खोटं कुठं लिहितोय? त्या आजारी होत्या, हे खरं."

"खरं हाय. पन त्याच्यामुळं उशीर झाला हे खोटं हाय. चोवीस तारखेला कागद माझ्या हातात होता. सत्तावीस दिवस... नाय, अठ्ठावीस दिवस शिल्लक होते."

"मग कारण काय लिहू मी?"

"मी पाच वाचला."

अल्पेशनं क्रिस्टिनाकडे बघितलं. क्रिस्टिनानं खिडकीकडे.

"अंकल," अल्पेश हळूच म्हणाला, "तिथं बसलेला माणूस हे वाचेल आणि त्याला वाटेल कोणीतरी चेष्टा करतंय. आजारपण लिहिलं तर शंभर टक्के होईल असं मी म्हणत नाही, पण होतं. हे लिहिलं आणि त्यानं नाकारलं, तर आंटीचं रिटर्न कायमचं नाही म्हणून राहील. तुम्हाला तेच पुसायचंय ना?"

"हो."

"मग? निदान चुकीचा सल्ला मिळाला असं तरी लिहितो. तुम्ही कोणाला तरी विचारलं होतं ना?"

"त्याला मी पाच विचारला. त्यानं पाचाचं सांगितलं. त्याचं नाव नको काढू."

"पप्पा," क्रिस्टिना म्हणाली.  "आई काय म्हणाली असती? ती म्हणाली असती, अल्पेश सांगतोय तसं करा. तिला वाईट नसतं वाटलं."

 मग सेबेस्टियननं कधी कोणाला न सांगितलेलं सांगितलं. पोरीकडे न बघता, अल्पेशलाच.

"ती हाताने असं असं करायची. मी पाटी नेली. तिला पाटी नको होती. ती विचारत होती, पाठवलं का म्हनून. ऑगस्ट होता, मुदत होती अजून. तिला दिवस माहीत होते, बिछान्यातून मोजत होती ती. आनि मी तिला सांगितलं, केलं. सगळं केलं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला आनि हात खाली घेतला." त्यानं पुन्हा अंगठा आणि बोट जुळवून हवेत दाखवलं, आणि त्याच्या लक्षात आलं तसा हात मांडीवर ठेवला. "आता ते सगळं तिच्या आजारपनावर ढकलू? ती मेली म्हनून तिच्या नावावर?"



अल्पेशनं पुसलं. पहिल्यापासून लिहायला घेतलं, आणि एकेक वाक्य लिहून झालं की मराठीत सांगत गेला. करदाती दवाखान्यात होत्या, तरी त्यांनी चोवीस जुलैला, मुदतीत, आयटीआर व्ही वर सही करून तो पतीकडे दिला. पती इंग्रजी फारसे वाचत नाहीत. त्यांचा घड्याळदुरुस्तीचा व्यवसाय आहे. त्यांनी शीर्षकातला व्ही हा रोमन पाच समजला आणि कागद आपल्याला लागू नाही असा त्यांचा प्रामाणिक गैरसमज झाला. त्यानंतर करदातीची वाचा गेली आणि निधन झालं. उशीर पतीकडून झाला आहे. तो माफ करावा.

"बरोबर?"

"प्रामानिक नको," सेबेस्टियन म्हणाला. "गैरसमज पुरे."

"ते राहू द्या हो अंकल. तो आमचा शब्द आहे."

राहू दिला.

मग पडताळणी. सेबेस्टियनच्या फोनवर सहा आकडे आले. अल्पेश म्हणाला, सांगा. त्यानं फोन डोळ्यांशी धरला आणि एकेक आकडा सांगितला, सावकाश, मधे थांबून, जणू घाईत सांगितला तर चुकीचा पडेल. शेवटचा आकडा पडल्यावर पडद्यावर हिरवी खूण आली. दोन मिनिटांचं काम. टीचरला मिळाली नव्हती तेवढीच दोन मिनिटं.

एप्रिल गेला. मे गेला. क्रिस्टिना दर आठवड्याला जेवणाच्या सुट्टीत पोर्टल उघडायची, विनंती प्रलंबित. बापाला सांगायची, आलं नाही अजून. तो म्हणायचा, "त्यांना पन कामं असतील." प्रल्हाद बाकावर यायचा, पेपर वाचायचा. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि सेबेस्टियननं कधी कळू दिलं नाही. उलट पूर्वी त्याच्या सल्ल्यांवर हा कुरकुरायचा, आता मान हलवून ऐकून घ्यायचा. प्रल्हादला वाटलं, बायको गेल्यावर सेबूला अक्कल आली.

जूनमध्ये, मासेमारी बंद झालेली, पाचूबंदरला बोटी वर ओढून ठेवलेल्या, तेव्हा विनंती मंजूर झाली. अल्पेशनं स्वतः क्रिस्टिनाला फोन केला आणि म्हणाला, "अंकलना घेऊन या, मिठाई माझ्याकडून." आले तर ह्यानं खरंच खालून पेढे आणून ठेवलेले. बरा माणूस हो, टॅक्सवाला असला तरी.

"ज्यानं कोणी वाचलं त्यानं मान्य केलं," अल्पेश म्हणाला. "मला खात्री नव्हती, खरं सांगतो. आंटीचं रिटर्न वैध झालं. आता प्रोसेस होईल."

"दाखव."

अल्पेशनं पडदा फिरवला. क्रिस्टिना बापाच्या खांद्यावरून वाचू लागली. आईचं नाव. पॅन. वर्ष. पडताळणी झाली. खाली पडताळणी करणाऱ्याचं नाव: सेबेस्टियन, मृत करदातीचे वारस म्हणून.

"तारीख कुठली?" त्यानं विचारलं.

अल्पेशनं पडद्यावर बोट ठेवलं. "पडताळणीची एकतीस मार्च."

"आनि भरल्याची?"

"तीस दिवसांनंतर पडताळणी झाली ना अंकल, की नियमानं तीच तारीख रिटर्न भरल्याची धरतात. अपलोड बावीस जुलैचं दिसतं, पण धरायची ती."

सेबेस्टियननं बोटांवर मोजलं. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. जवळजवळ सात महिने. टीचर गेल्यावर सात महिन्यांनी टीचरनं रिटर्न भरलं. उशिरा.

"ही तारीख चुकीची हाय म्हनून कुठं सांगायचं?"

"कुठं नाही, अंकल. चुकीची नाही ती. नियम आहे."

"बरं."

त्यानं एक पेढा खाल्ला, अल्पेशला वाईट वाटू नये म्हणून, आणि हात पुसून उठला. अल्पेशनं दारापर्यंत येऊन हात हातात घेतला. जिन्यात क्रिस्टिना पुढे होती, मागून पावलं ऐकू येईनात म्हणून तिनं वळून बघितलं, तर तो मधल्या पायरीवर भिंतीला हात लावून उभा होता.

"चक्कर आली का पप्पा?"

"नाय. बोटीसारखं वाटलं जरा."

ती दोन पायऱ्या परत वर गेली. तिला वाटलं, तो आता रडेल, आणि तिनं ओढणीचं टोक हातात घेऊन ठेवलं. तो रडला नाही.

"तुझ्या आईनं चोवीस जुलैला सही केली," तो म्हणाला.

"हो पप्पा."

"पेन्शनवाल्यांकडे, टॅक्सवाल्यांकडे, कुठंच ते लिहिलेलं नाय आता. त्या अर्जात होतं, पन तो अर्ज कोन पुन्हा उघडनार? मला आठवेल तोवर आठवेल. मग तू ठेव ध्यानात."

"ठेवते."

"सांग बघू."

क्रिस्टिना त्या जिन्यात उभी राहिली, पाचवीतल्या पोरीसारखी, आणि म्हणाली, "चोवीस जुलै."

"वेळेत," तो म्हणाला.

"वेळेत," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून त्याला एकेक पायरी खाली घेऊन आली.